मदत हवी आहे: कागदपत्रं देण्याआधी रिक्रूटरला हे विचारलं तर चालेल का?

नमस्कार मंडळी. मी टेस्टिंगमध्ये आहे, सहा वर्षांचा अनुभव, राहायला सिंहगड रोडला. परवा एका कन्सल्टन्सीतून फोन आला. 'लोकेशन पुणे, हायब्रिड' एवढं सांगून लगेच पॅन, आधार आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या. अजून मुलाखतही झालेली नाही!

पुणे म्हणजे नेमकं कुठे? हिंजवडी फेज ३ आणि खराडी ही शहराची दोन टोकं. आठवड्यात दोनदा जाणं जमेल, चारदा नाही. घरी आई आजारी असते.

मागच्या नोकरीत हायब्रिड फक्त तोंडी होतं. ऑफर लेटरमध्ये मात्र 'कंपनी भारतात कुठेही बदली करू शकते' अशी ओळ होती. मी वाचली आणि सोडून दिली. आठ महिन्यांत प्रोजेक्ट संपला, थेट चेन्नईला जा म्हणाले.

म्हणून या वेळी असा मेल लिहिलाय: "ऑफिसचा नेमका पत्ता कळवाल का? आठवड्यात किती दिवस यावं लागेल, आणि ते कंपनी ठरवते की क्लायंट? बदली झाल्यास किती दिवसांची नोटीस आणि स्थलांतराचा खर्च मिळतो? हे ऑफर लेटरमध्ये लेखी येईल का? तूर्त रेझ्युमे जोडते, बाकी कागदपत्रं ऑफरच्या टप्प्यावर देईन."

सूर फार ताठ वाटतोय का? आणि बदलीची ओळ ऑफर लेटरमध्ये कुणी बदलून घेतली आहे का? घेतली असेल तर शब्द काय होते, तेवढं सांगा.