हातात ऑफर, मनात दुसरी: घ्यावी की थांबावं?

निशिगंध: सध्या नोकरी नाही. एका ठिकाणची ऑफर आलीय, पाच दिवसांत उत्तर द्यायचंय. दुसरीकडे पगार जास्त आहे, पण शेवटची फेरी बाकी आहे. शिवाय चार ठिकाणी मुलाखती सुरू आहेत. थांबू का? आणि एका वेळी इतक्या जागा धराव्यात का?

पारवा: ३७ टक्क्यांचा नियम आहे. एकूण संधींपैकी पहिल्या ३७ टक्के सोडायच्या, मग त्या सगळ्यांपेक्षा सरस दिसेल ती पहिली घ्यायची. ही पहिलीच ऑफर ना? सोडा.

सांजवेळ: गणित खरं आहे, पण इथे बसत नाही. त्यात एकूण संधी किती हे आधीच माहीत असतं, आणि सर्वोत्तम सोडून बाकी सगळं शून्य धरतात. दुसऱ्या क्रमांकाची नोकरी शून्य नसते.

आकडे मांडून बघा. हातातला पगार महिना १०० धरा, दुसरीकडचा ११५. थांबलात आणि ती मिळाली तर एक महिना बिनपगारी जाईल. नाही मिळाली तर तीन महिने जातील आणि पुढची ९५ ची मिळेल असं समजा. दोन वर्षांचा हिशेब: आत्ता घेतली तर २४००. थांबून मिळाली तर २६४५, हुकली तर १९९५. म्हणजे मिळण्याची शक्यता ६२ टक्क्यांच्या वर असेल तरच थांबण्यात अर्थ आहे. शेवटच्या फेरीत तीन उमेदवार असतील तर तेवढी खात्री कुठून आणणार?

पारवा: दोनच वर्षं का? पाच वर्षं धरा, उत्तर बदलेल.

सांजवेळ: बदलेल, हे मान्य. पण पाच वर्षं तिथेच राहाल का, हा अंदाज त्याहून कच्चा.

केवडा: मी तर नोकरीत आहे. आधी राजीनामा द्यावा का?

सांजवेळ: मुळीच नको. हुकलं तरी पगार चालू राहतो, म्हणूनच तुम्हाला थांबणं परवडतं. वरचा हिशेब बेकारांचा आहे.

औदुंबर: हिशेबाआधी आजच त्या दुसऱ्या ठिकाणी कळवा: "माझ्याकडे ऑफर आहे, शुक्रवारी उत्तर द्यायचंय. फेरी गुरुवारपर्यंत होईल का?" फेरी अलीकडे घेतली तर तुम्ही त्यांना खरंच हवे आहात. "कळवतो" म्हणून गप्प बसले, तर बहुधा राखीव यादीत आहात. पहिल्या ठिकाणी मुदतवाढ एकदाच मागा, तीही ठरावीक तारखेची. "थोडा वेळ द्या" म्हटलं की त्यांना नकाराचा वास येतो.

जागांचं म्हणाल तर अर्ज कितीही करा, पण मुलाखतीच्या टप्प्यावर चार-पाचच. त्यापुढे तयारी उथळ होते, एकाचे प्रश्न दुसऱ्याला विचारले जातात.

पारवा: चार-पाचांत एकही जमली नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी दहा धरेन.

औदुंबर: दहा धरा, पण सगळ्यांच्या फेऱ्या एकाच पंधरवड्यात आणता आल्या तरच. ऑफर महिन्याच्या अंतराने आल्या, तर दहा असूनही तुलनेला एका वेळी एकच उरते.

निशिगंध: मेल पाठवलाय. उत्तर अजून नाही.