नोकरकपातीच्या पत्रात 'मलाच का?' याचं उत्तर असायला हवं की नको?

भोसरीकर: भाऊ एका कारखान्यात सीएनसी सेटर आहे, जुलै 2016 पासून. एकूण कामगार 140. 9 मार्चला पत्र हातात पडलं: "पुनर्रचनेमुळे आपले पद रद्द होत आहे. निवड कामगिरी व भविष्यातील गरजेनुसार केली आहे. शेवटचा दिवस 31 मार्च. हिशोब 45 दिवसांत." त्याच्यानंतर लागलेले दोघे मात्र त्याच विभागात कायम आहेत. मला वाटतं निवड कशी केली ते पत्रात स्पष्ट लिहायलाच हवं. तुमचं मत?

एचआरवाली: नको. मी अशी पत्रं काढलेली आहेत. "तुमची कामगिरी कमी पडली" असं लिहिलं की पुढच्या मुलाखतीत तेच आडवं येतं. मोघम भाषा माणसाच्या भल्यासाठीच असते. आणि पैसे फुल अँड फायनलमध्ये 45 दिवसांत येतात, सगळीकडे हीच पद्धत आहे.

निवृत्त कामगार अधिकारी: पद्धत असेल, कायदा तसा नाही. नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे आणि 1947 च्या कायद्यातला गाभा तिच्यातही तसाच आहे: ज्या प्रकारच्या कामातले लोक कमी करायचे, त्यातला शेवटी आलेला आधी जातो. हा क्रम मोडायचा तर मालकाने कारण नोंदवायला हवं. "भविष्यातील गरज" हे कारण नव्हे. आधी सेटर विभागाची सेवाज्येष्ठता यादी मागा, सगळं तिथेच कळेल.

दुसरं, तारखा. 9 मार्चला पत्र दिलं तर 31 मार्चला महिना भरत नाही. एकतर शेवटचा दिवस एप्रिलमध्ये न्या, नाहीतर महिन्याचा पगार नोटिशीच्या बदल्यात द्या.

तिसरं, भरपाई. ती कामावरून कमी करतानाच द्यायची असते, मागाहून नाही. या एका चुकीपायी जुन्या कायद्याखाली कपाती रद्द झाल्या आहेत. राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत, ग्रॅच्युइटी 30 दिवसांत. 45 दिवसांची मुदत आहे, पण ती वेगळ्या रकमेला: कौशल्य निधीतून कामगाराच्या खात्यात येणारे पंधरा दिवसांच्या पगाराइतके पैसे. पत्रात त्याचा उल्लेखच दिसत नाही.

भोसरीकर: बेसिक आणि डीए मिळून 26,000 आहे. किती धरू?

निवृत्त कामगार अधिकारी: नऊ वर्षं नऊ महिने, म्हणजे दहा धरायची, कारण वरचे महिने सहापेक्षा जास्त आहेत. भरपाई वर्षाला अर्धा महिना, 13,000 प्रमाणे 1,30,000. ग्रॅच्युइटीत महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून तिथे वर्षाला 15,000 बसतात, एकूण 1,50,000. दोन्ही रकमा वेगवेगळ्या. "पॅकेज दीड लाख" म्हणून एकच आकडा पुढे केला तर भरपाई गिळली समजा. शिल्लक रजेचे पैसे याशिवाय.

हिंजवडी_आयटी: आम्हाला तर पत्रही मिळालं नाही. मीटिंग रूममध्ये बोलावून "राजीनामा दे, म्हणजे अनुभवपत्र चांगलं देऊ" एवढंच. दिला. आता भरपाई मागता येईल का?

निवृत्त कामगार अधिकारी: राजीनामा दिल्यावर कंपनी म्हणणार, आम्ही काढलंच नाही. दबाव होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. त्यात आयटीतला इंजिनिअर 'कामगार' ठरतो का, हा वाद प्रत्येकाच्या प्रत्यक्ष कामावर जातो. भावाला एवढंच सांगा, राजीनाम्यावर सही नको.

छोटा कारखानदार: साहेब, तुमचा क्रम कागदावर ठीक आहे. माझ्याकडे 60 माणसं. जुनी ऑर्डर गेली, नवी आली ती पाच अ‍ॅक्सिस मशीनवरची. ते मशीन चालवणारी पोरं कालची. त्यांना काढून ज्येष्ठांना ठेवलं तर उरलेल्यांचाही पगार निघणार नाही.

निवृत्त कामगार अधिकारी: मग तसंच लिहा ना. कायदा तुम्हाला अडवत नाही, फक्त कारण मागतो.

छोटा कारखानदार: लिहिलं की उद्या तोच कागद घेऊन कोर्टात.

एचआरवाली: हेच मी म्हणत होते! तसंही 140 कामगार म्हणजे सरकारची परवानगी घेतलेली असणार, तिथे सगळं तपासलं जातं.

निवृत्त कामगार अधिकारी: नाही. कारखान्यांसाठी पूर्वपरवानगीची मर्यादा पूर्वी 100 कामगारांची होती, ती आता 300 झाली. 140 जणांच्या कारखान्याने सरकारला फक्त कळवायचं. आधी कोणी तपासत नाही, म्हणून पत्रातल्या कारणाला एवढं वजन आलं आहे.

भोसरीकर: कंपनीही पाच अ‍ॅक्सिसचंच कारण तोंडी सांगते आहे. पण त्या मशीनचं ट्रेनिंग भावाला कंपनीनेच दिलंय, सर्टिफिकेट घरी आहे.

छोटा कारखानदार: ट्रेनिंग घेणं वेगळं, रोज त्यावर जॉब लावणं वेगळं. त्याने शेवटचं सेटिंग कधी केलं, ते विचारा.

भोसरीकर: त्याला कधी लावलंच नाही त्या मशीनवर. तो काय करणार?