मदत हवी आहे: 'ब्यूटिफुलर' का चूक? आणि 'क्वाएटर' खरंच चूक आहे का?

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सातवीत आहे, सेमी इंग्रजीला. परवा तिची डिग्रीजवर पाच मार्कांची चाचणी झाली आणि तिला एकच मार्क मिळाला. मार्कांचं मला फार वाटत नाही, पण तिने घरी येऊन जे विचारलं त्याचं उत्तर मला देता आलं नाही, ते मात्र मनाला लागलंय. मी मराठी माध्यमातून शिकले. बरोबर वाक्य कानाला कळतं, पण ते का बरोबर ते सांगता येत नाही.

तिची वाक्यं अशी होती:

धिस गार्डन इज ब्यूटिफुलर दॅन दॅट वन. (चूक)
रवी इज मोअर हॅपियर दॅन हिज ब्रदर. (चूक)
अवर लेन इज क्वाएटर दॅन द मेन रोड. (चूक, सरांनी वर 'मोअर क्वाएट' लिहिलंय)
माय हँडरायटिंग इज वर्स्ट दॅन युवर्स. (चूक)
माय बॅग इज बिगर दॅन हर्स. (बरोबर)

ती म्हणते, "टॉलचं टॉलर होतं, स्मॉलचं स्मॉलर होतं, मग ब्यूटिफुलचं का नाही?" आणि तिसरं वाक्य मला तरी बरोबर वाटतंय. कुणी नीट समजावेल का? पाठ करून घेणं हा उपाय नको आहे, ते करून झालंय.

जुना_विद्यार्थी

ताई, सोपं आहे. शब्दात एक सिलेबल असेल तर मागे ईआर लावायचं, दोन किंवा जास्त असतील तर पुढे मोअर. ब्यूटिफुलमध्ये तीन आहेत म्हणून मोअर ब्यूटिफुल. क्वाएटमध्ये दोन आहेत म्हणून मोअर क्वाएट. म्हणजे सरांचं बरोबर आहे. आम्हाला हाच नियम होता आणि त्यावर बोर्डाची परीक्षा पास झालो.

मांजराकाठ

धन्यवाद दादा. पण मग हॅपीमध्येही दोनच आहेत ना? तिथे तर सरांनी 'हॅपियर' करून दिलंय, 'मोअर' खोडून.

पाटीपेन्सिल

ताई, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे आणि मुलं नेमकी याच दोन सिलेबलवाल्या शब्दांत अडकतात. एकचं आणि तीनचं कोडं नसतंच. एक सिलेबल असेल तर ईआर, तीन असतील तर मोअर, इथपर्यंत वरच्या दादांचं बरोबर आहे. दोनवाल्यांना मात्र एक नियम पुरत नाही, तिथे शब्दाचा शेवट बघावा लागतो.

शेवट वाय असेल तर वायचा आय होऊन ईआर लागतं: हॅपियर, ईझियर, अग्लियर. शेवटी 'सिंपल'सारखा 'ल' किंवा 'नॅरो'सारखा 'ओ' ऐकू आला तरी ईआर चालतं: सिंपलर, नॅरोअर. पण शब्दाला आधीच फुल, लेस, इंग, ईडी, अस असं शेपूट जोडलेलं असेल, तर त्यावर दुसरं शेपूट बसत नाही. यूसफुलमध्ये दोनच सिलेबल आहेत, तरी यूसफुलर होत नाही. केअरलेस, बोअरिंग, फेमस, सगळ्यांना मोअर. म्हणजे ब्यूटिफुल दोन्हीकडून अडकतो, लांबीनेही आणि 'फुल'नेही. तुमच्या लेकीला हे दुसरं कारण सांगा, ते तिला लवकर पटेल.

क्वाएटला यातलं कुठलंच शेपूट नाही आणि क्वाएटर हे अगदी रोजच्या वापरातलं इंग्रजी आहे. मोअर क्वाएटही कुणी म्हणतं, ते चूक म्हणता येणार नाही, पण क्वाएटरवर फुली मारणं मात्र बरोबर नाही. सरांशी वाद घालू नका. चांगल्या लर्नर्स डिक्शनरीत विशेषणाच्या शेजारीच ही रूपं दिलेली असतात. 'quiet' उघडा आणि पान दाखवा.

एक धोक्याची जागा सांगते. सिलेबल मोजताना देवनागरीतली अक्षरं मोजू नका. 'स्ट्रेंज' लिहिताना आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण इंग्रजीत तो एकाच दमात येतो, म्हणून स्ट्रेंजर. मी वर्गात हनुवटीखाली तळहात धरायला लावते आणि शब्द सावकाश म्हणायला सांगते. हनुवटी जितक्या वेळा खाली येते तितके सिलेबल.

डोंबिवली_लोकल

माझ्यासोबतही असंच झालं. ऑफिसात एका मेलमध्ये मी 'ही इज सीनियर दॅन मी' लिहिलं आणि साहेबांनी सगळ्यांसमोर सुधारलं. सीनियरलासुद्धा मोअर लागतं का? की सीनियरर?

पाटीपेन्सिल

तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण थोडक्यात सांगते. सीनियर, ज्युनियर हे शब्द लॅटिनमधून तुलनेचं रूप घेऊनच आलेत, 'अधिक' त्यांच्या पोटातच आहे. म्हणून एका माणसाशी तुलना करताना त्यांना ना मोअर ना ईआर, आणि दॅनच्या जागी 'टू' येतो: सीनियर टू मी.

मांजराकाठ

बाई, फार फार आभार. हनुवटीचा प्रयोग तिने लगेच केला, घरातले सगळे शब्द मोजून झाले. आता वर्स्टचं राहिलं. बॅड-वर्स-वर्स्ट तिला घडाघडा पाठ आहे, तरी वाक्यात प्रत्येक वेळी वर्स्टच लिहिते. बेटर-बेस्टमध्ये मात्र ती चुकत नाही. असं का?

पाटीपेन्सिल

कारण 'वर्स्ट' हा आता आपण मराठी बोलतानाही वापरतो. "एकदम वर्स्ट जेवण होतं", "रस्त्याची कंडिशन वर्स्ट आहे". मुलांच्या कानावर तो 'फार वाईट' एवढ्याच अर्थाने पडतो आणि 'वर्स' तर पडतच नाही. उलट "आता बेटर वाटतंय का?" हे घरात रोज ऐकू येतं, म्हणून तिथे मुलं चुकत नाहीत. पाठांतर कानापुढे टिकत नाही.

तिला आजूबाजूचे शब्द बघायला सांगा. पुढे दॅन येत असेल तर वर्स. आधी 'द' आणि नंतर 'ऑफ ऑल' किंवा 'इन द क्लास' असं काही असेल तर वर्स्ट. 'वर्स्ट दॅन' ही जोडी वहीत दिसली की लगेच शंका घ्यायची.

'मोअर हॅपियर'चं मूळही मराठीत आहे. आपण 'जास्त आनंदी' म्हणतो, तो 'जास्त' वेगळा शब्द असल्यामुळे मूल त्याला मोअर ठेवतं आणि शाळेत शिकलेला ईआरही लावतं. अधिकपणा एकदाच सांगायचा असतो. जोर द्यायचाच असेल तर 'मच' आहे: मच हॅपियर, मच बेटर. 'मोअर बेटर'च्या जागी 'मच बेटर' लिहायची सवय लागली की ही चूक आपोआप जाते.

शब्दपीठ

'मोअर हॅपियर'बद्दल एक भर घालतो. ही चूक फक्त आपलीच नाही. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये अँटनी ब्रूटसच्या घावाला 'मोस्ट अनकाइंडेस्ट' म्हणतो. त्या काळात जोरासाठी असं दुहेरी रूप चालत असे, पुढे व्याकरणकारांनी ते मोडीत काढलं. आजच्या परीक्षेत चालणार नाही, पण मुलीला सांगा की तिच्या डोक्यात आलेलं काही वेडंवाकडं नव्हतं.

गुड-बेटर असं का, हे तिने विचारलं नसेल तर विचारेल. तुलनेची रूपं कधीकधी भलत्याच मुळापासून येतात. जुन्या इंग्रजीत 'वर्स' हे 'ईव्हिल' या शब्दाचं तुलनेचं रूप होतं, 'बॅड' नंतर आला आणि त्या जागेवर बसला. म्हणून बॅड आणि वर्स यांत एकही अक्षर सारखं नाही. रोज वापरात असलेले शब्दच असे अनियमित राहतात, कारण प्रत्येक पिढी ते नियम शिकण्याआधीच ऐकून उचलते.

आणि हे आपल्याकडेही आहे. श्रेष्ठ, ज्येष्ठ, कनिष्ठ हे शब्द संस्कृतात 'सर्वांत' अर्थाची रूपं आहेत. त्यातलं 'इष्ठ' आणि इंग्रजीतलं ईएसटी एकाच जुन्या मुळातून आलेले आहेत. 'प्रशस्य' म्हणजे स्तुत्य, त्याचं रूप 'श्रेष्ठ' होतं. प्रशस्यच्या जागी 'श्र' येतो असं पाणिनीला वेगळं सूत्रच करावं लागलं: 'प्रशस्यस्य श्रः'. गुडचं बेस्ट होतं, अगदी तसंच. आणि आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो तेव्हा आपणही सर्वांत दोनदा सांगतो.

जुना_विद्यार्थी

हे माहीत नव्हतं. माझा नियम अर्धाच होता, मान्य. पण पाटीपेन्सिल बाई, मग 'क्लेव्हर'चं काय? आम्हाला क्लेव्हरर शिकवलं होतं, माझी नात मोअर क्लेव्हर लिहिते आणि तिला मार्क मिळतात.

पाटीपेन्सिल

दोन्ही चालतं. पोलाइट, कॉमन, स्टुपिड यांचंही तसंच आहे, दोन्ही रूपं छापलेली दिसतील. कुठलं जास्त बरं वाटतं हे माणसागणिक बदलतं.

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत असते. इथे माझा मुलगा आणि त्याचे मित्र सर्रास 'फनर' म्हणतात. शिक्षिका खोडतात आणि 'मोअर फन' लिहितात. पण एक सिलेबलचा नियम लावला तर फनर बरोबरच ठरतो ना?

शब्दपीठ

नियमाने ठरतो. पण 'फन' मुळात नाम आहे, विशेषण म्हणून तो अलीकडचा, म्हणून अनेकांना फनर खटकतो. मुलांच्या पिढीला खटकत नाही. मी तरी अजून लिहिणार नाही.

पाटीपेन्सिल

मी बोलण्यात सोडून देईन, पेपरात खोडेन.

मांजराकाठ

काल डिक्शनरीचं पान घेऊन शाळेत गेले होते. सरांनी ते शांतपणे वाचलं आणि क्वाएटरचा एक मार्क वाढवून दिला. म्हणाले, उत्तरपत्रिकेच्या नमुन्यात एकच रूप होतं म्हणून तसं तपासलं. ब्यूटिफुलर, मोअर हॅपियर आणि वर्स्ट दॅन तिने स्वतः सुधारून दाखवलं.

पण आता नवा प्रश्न आलाय. ती हनुवटी धरून 'टायर्ड' म्हणते, एकदाच खाली येते म्हणते, आणि मग टायर्डर का नाही असं विचारते. मी म्हटलं, मागे ईडी आहे म्हणून. ती म्हणाली, "मग रेडलासुद्धा ईडी आहे, त्याचं रेडर कसं?"

पाटीपेन्सिल

प्रश्न छान आहे तिचा. रेडमधला ईडी जोडलेला नाही, तो शब्दाचाच भाग आहे. काढला तर नुसता आर उरतो, ज्याला काही अर्थ नाही. टायर्डमधून काढा, 'टायर' म्हणजे दमवणे हे क्रियापद उरतं. तेव्हा ईडी काढून मागे क्रियापद राहतं का ते तिला तपासायला सांगा. राहत असेल तर मोअर टायर्ड, मोअर बोअर्ड. तिला 'वेट' म्हणजे ओला हा शब्दही द्या, आणि स्पेलिंगमध्ये टी दोनदा का येतो ते तिलाच शोधू द्या. बॅगच्या वाक्यात तिने बिगरचा जी दोनदा लिहिला असणार, तिथेच उत्तर आहे.