अनुभव धागा: सोळाशे मीटरचे वीस गुण आणि पुढची तीस वर्षं

धागाकर्ता: भाऊ यंदा पोलीस शिपाई भरतीला उतरतोय. लेखीचे 100 आणि मैदानाचे 50 गुण. त्यात 1600 मीटरला 20, शंभर मीटरला 15, गोळ्याला 15. सोळाशेला तो सहा मिनिटांच्या आसपास अडकलाय आणि हल्ली नळी दुखते म्हणतो. ज्यांनी मैदान मारलंय त्यांनी लिहा. नोकरीत मुरलेल्यांनी पुढचंही लिहा, घरात त्यावरूनच वाद चाललाय.

मैदानमास्तर: मी पोरांची तयारी घेतो. 5 मिनिटं 10 सेकंदांत आलं की पूर्ण 20. म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर प्रत्येक फेरी साधारण 77 सेकंदांची. बहुतेक पोरं पहिली फेरी गर्दीच्या नादात सत्तरच्या आत काढतात आणि तिसऱ्या फेरीत बसतात. तुमच्या भावाच्या चारही फेऱ्यांची वेळ वेगवेगळी लिहून काढा. समजा 70, 88, 102, 98 अशी आली, तर एकूण होतात 5:58. या पोराचा दम कमी नाही, वाटणी चुकलीय. त्याला आठवड्यातून एकदा 82 सेकंदांच्या चारशेच्या फेऱ्या द्यायच्या, मध्ये दोन-अडीच मिनिटं चालणं. पाचवी फेरीही 82 ला आली की पुढच्या आठवड्यात 80. बाकीचे दिवस गप्पा मारता येतील इतकं सावकाश पळायचं. रोज जीव तोडून सोळाशे पळणाऱ्याची वेळ महिनोन्महिने हलत नाही.

आणि गोळा शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नका. पुरुषांचा गोळा 7.260 किलोचा आणि पूर्ण गुणांना 8.50 मीटर लागतात. नुसत्या दंडाच्या जोरावर तो तिथवर जात नाही, पाय आणि कंबर वळवूनच जातो.

डांबरीवरचा: नळी सगळ्यांचीच दुखते हो. बर्फ लावायचा, डांबरी सोडून मातीवर पळायचं, बूट बदलायचे. दुखणं अंगावर काढलं की पाय आपोआप तयार होतो. आमच्या बॅचला सगळ्यांना झालं होतं.

खाकीची_वाट: माती आणि बूट बरोबर. अंगावर काढायचं मात्र नाही. मला आधी नळीच्या आतल्या कडेने लांबवर दुखायचं, पळून अंग तापलं की कमी व्हायचं. पुढे एकाच ठिकाणी बोट ठेवलं तरी कळ यायला लागली, रात्री झोपेतही ठणकायचं, त्या पायावर उडी मारवेना. पहिल्या एक्स-रेत काही दिसलं नाही. एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर निघाली आणि भरती हातची गेली. दुखणं पसरलेलं असेल तर पळणं निम्म्यावर आणा. एका बिंदूवर असेल तर पळणं बंद आणि थेट हाडांचा डॉक्टर.

आई_साताऱ्याची: माझ्या मुलीची उंची 156 आहे. तिला फौजदार व्हायचंय, एमपीएससीतून. चालेल का?

मैदानमास्तर: ताई, तो रस्ता वेगळा, त्याची जाहिरात बघावी लागेल. शिपाई भरतीत मुलींना 155 लागते, त्यात ती बसते. तिथं मुलींना सोळाशेऐवजी आठशे मीटर असतं आणि गोळा चार किलोचा.

नाईट_हवालदार: पुढचं मी लिहितो. शिपाई पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. जागा जास्त म्हणून पोरं मुंबई भरतात आणि लागल्यावर गावाकडे बदली मागतात. आंतरजिल्हा बदली मिळालीच तर तिथल्या सेवाज्येष्ठतेत तळाला जावं लागतं, मागून लागलेले पुढे दिसतात. मी अर्ज केला होता, नंतर मागे घेतला. बायको गावी, मी इथे. गणपतीत सुट्टी हा विषयच आमच्या घरात निघत नाही. पण आईच्या आजारपणात पगार कधी चुकला नाही, हेही खरंच. भावाला सांगा, कटऑफ बघताना आपण पस्तिशीत कुठे राहणार तेही बघ.

सीमेपार_नाही: मी सीआरपीएफमध्ये, एसएससी जीडीतून. तिथं पाच किलोमीटर 24 मिनिटांत, पण ते फक्त पात्रतेपुरतं, गुण लेखीचे. सोळाशेला मार खाणारा पण अभ्यासात पक्का असेल त्याला हा रस्ता सोपा. उंची मात्र 170 लागते आणि खुल्या वर्गाला वय 23 पर्यंतच. कागदावर वर्षाला 60 दिवस अर्जित आणि 15 दिवस नैमित्तिक रजा आहे. कधी मिळेल ते कंपनीत माणसं किती त्यावर. पोलिसवाला रोज उशिरा का होईना घरी जातो, आम्ही एकदम महिनाभर जातो. माझ्या मुलाला तेच बरं वाटतं, बायकोला नाही.

नाईट_हवालदार: रोज घरी? बंदोबस्त लागला की आम्ही पण चार-चार दिवस शाळेच्या वर्गात झोपतो साहेब.

धागाकर्ता: भावाच्या फेऱ्या आज मोजल्या. 71, 89, 101, 97. आणि नळी एकाच जागी दुखते का विचारलं तर गप्प बसला. उद्या डॉक्टरकडे नेतोय. मुंबई की आपला जिल्हा, यावर बाबा आणि तो अजून बोलत नाहीयेत.