अनुभव: भूकंप, मातीचं घर आणि खाटेची जागा

उमरखेडची लेक
परवा माहेरी गेले होते. घर रंगवायचं म्हणून भावाने माजघरातलं लोखंडी कपाट पुढे ओढायला घेतलं, तर ते हलेचना. मागे हात घालून पाहिलं तर कपाटाच्या वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून तार काढलेली, आणि ती सागाच्या एका आडव्या फळीला पिळून बांधलेली. फळी दोन्हीकडच्या खांबांना ठोकलेली. बाबांचं काम, १९९३ चं. आम्ही पोरं पार विसरून गेलो होतो.

३० सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून सगळे गाढ झोपलेले. किल्लारी आमच्यापासून कितीतरी लांब, तरी उतरंडीतले पितळेचे गुंड धडाधड खाली आले, ते थेट आजीच्या खाटेवर. आजी तेवढ्यात लघवीला उठून अंगणात गेली होती म्हणून वाचली. त्या आठवड्यात बाबांनी खाट हलवली, उतरंड मोडली आणि कपाट बांधलं.

आता मी चंद्रपूरकडच्या मूलला, सासरी. मातीच्या भिंती, पुढे कवेलू, मागे टिन. ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणात मुलुगूकडे ५.३ चा झाला तेव्हा सकाळचे साडेसात वाजत होते, मी डबे भरत होते. कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि आत आपटलं. ते कपाट आमच्या उशाशीच उभं आहे. बाबांची तार पाहून हे सगळं वर आलं. तुमच्याकडे कोणी काय केलंय, लिहा. धक्क्यानंतर काय केलं तेही. आम्ही बाहेर पळालो आणि दूध गॅसवर आहे म्हणून मी परत आत गेले, हे आधीच कबूल करते.

बंडू वणीवाला
दूध वाचलं का?

उमरखेडची लेक
उतू गेलं.

शेषराव मास्तर
आम्ही शाळेत मुलांना शिकवत आलो की दाराच्या चौकटीत उभे राहावे. चौकट पडत नाही. जुन्या भूकंपांच्या फोटोंत घर पडलेले आणि चौकट उभी असे दिसते.

ओळंबा
मास्तर, चौकट उभी राहते हे खरं, पण तिच्यात उभा असलेला माणूस राहतोच असं नाही. मी किल्लारीनंतर लातूरकडे पुनर्वसनाच्या कामावर ज्युनियर इंजिनियर होतो, आता निवृत्त, आर्वीला असतो. मातीच्या घरात दारावर लाकडी पाटली असते आणि पाटलीवर दीड-दोन हात मातीची भिंत. पहिल्यांदा सुटतो तो तोच भाग. आपल्याकडे त्यावर कवेलूचा पागोळीचा काठ. म्हणजे चौकटीत उभं राहणारा दोन्हींच्या खाली येतो.

ताई, तुमच्या बाबांना मुद्दा बरोबर कळला होता. किल्लारीला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लोक झोपेत होते. कोण पळणार, कुठे लपणार? दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाची टनावारी माती. झोपल्या जागी गेले. म्हणून मी सगळ्यांना आधी एकच विचारतो: झोपताना तुमचं डोकं कुठे असतं, आणि त्याच्या वर व बाजूला काय आहे? खाटेवर आडवे व्हा आणि पाहा. कपाट, फोटो, पंखा, माळ्यावरचं पोतं, जे तुमच्या अंगावर येऊ शकतं ते हलवा नाहीतर बांधा. नाहीच जमलं तर खाट हलवा. खाट हलवायला पैसे लागत नाहीत.

पाटणबोरी
आमच्याकडे तर रोजच भूकंप. खाणीत ब्लास्टिंग होते दुपारी, भांडी वाजतात, भिंतीला चिरा. तक्रार करून थकलो. कोणी पाहायला येत नाही. याला काही भरपाई मिळते का?

उमरखेडची लेक
दादा, भरपाईचं मला काही सांगता येणार नाही. धागा वेगळा आहे, पण चिरांचं ओळंबा काकांना विचारा.

ओळंबा
ब्लास्टिंगची वेळ बहुधा ठरलेली असते, आवाजाबरोबर एकच दणका बसतो आणि संपतं. भूकंपात हलणं थोडं चालतं, आधी थरथर आणि मग झोका. चीर कशाची हे मी फोटोवरून नाही सांगू शकत, पावसाळ्यात पाया बसला तरी चीर येतेच. पण कारण काहीही असो, चिरेवर प्लास्टरचा छोटा तुकडा लावा, त्यावर तारीख लिहा. तुकडा तडकला म्हणजे चीर चालू आहे. तक्रारीतही तो फोटो कामाला येईल.

निशा परतवाडा
मी पक्क्या घरात राहते, विटेची भिंत. कपाटाला वर एल पट्टी लावून घेतली, दोन गट्ट्या, दोन स्क्रू, मिस्त्रीने वीस मिनिटांत दिलं करून. आमच्या मेळघाटाकडे अधूनमधून जमीन गुरगुरते म्हणून नवरा ऐकला तरी. हेच मातीच्या भिंतीला नाही का करता येणार?

बंडू वणीवाला
मी केलं होतं ना वहिनी. बाबांच्या घरी. ड्रिल लावलं तर भुगा नुसता पडत राह्यला, गट्टी जागेवरच गोल फिरे. हातानं ओढली तर पट्टी, स्क्रू अन् मूठभर माती हातात. माय म्हणे, भिंत सोडून दे बापा आता.

ओळंबा
बंडू, तुझं हातानं ओढून पाहणं हीच खरी परीक्षा. जे हाताने निघालं ते धक्क्याला काय टिकणार? माती गट्टीला धरत नाही. तिथे दोनच गोष्टी चालतात. एक, ताईंच्या बाबांसारखं खांबाला धरायचं. पण खांबाच्या बुडाशी आधी पेचकस टोचून पाहा, वाळवीने आतून पोकळ केला असेल तर सहज आत जातो. मग त्याच्यावर भरवसा नको.

दुसरं, भिंत आरपार धरायची. १० किंवा १२ मिमीचा आटे पाडलेला रॉड भिंतीतून पलीकडे काढायचा, पलीकडच्या तोंडाला सहा इंची चौकोनी लोखंडी पत्रा, वायसर, नट. आतल्या तोंडाला आडवी सागाची फळी. फळीला कपाट एल पट्टीने. कपाटाचा मागचा पत्रा मधोमध पातळ असतो, तिथे भोक पाडू नका, फाटतो. वरच्या कडेला जिथे पत्रा दुमडून जाड झालेला असतो तिथे पाडा, आतून मोठं वायसर टाका.

बाबांच्या तारेत एक उणीव होती. तार ढिली पडते. ढिली तार म्हणजे कपाटाला आधी झुकायला जागा आणि मग हिसका, त्यात ती तुटते. फट नको. आणि हेही सांगतो, या सगळ्याने कपाट थांबेल, भिंत नाही थांबणार. भिंतीला पोट आलं असेल किंवा ती कोपऱ्यातून सुटली असेल, तर कपाट तिला बांधणं म्हणजे दोघांना एकत्र पाडणं.

उमरखेडची लेक
आमचं कपाट साडेसहा फुटांचं आहे, खोली जेमतेम दीड फूट. वर दोन सुटकेसा आणि सासूबाईंची पितळी परात. शेणाने सारवलेली जमीन, पुढचा एक पाय अधांतरी, खाली पुठ्ठ्याची घडी घातलीय.

ओळंबा
मग आजच परात आणि सुटकेसा खाली. उंची खोलीच्या चौपट झाली की कपाट पडायला निमित्तच शोधतं. जड धान्य, भांडी खालच्या कप्प्यात. पुठ्ठा काढून लाकडाची चकती घाला, कपाट किंचित भिंतीकडे झुकलं पाहिजे, पुढे नाही.

तूरडाळ
पळायचं की थांबायचं ते सांगा ना कोणीतरी. पोरगी शाळेतून शिकून आलीय, टेबलाखाली जा म्हणते. आमच्या घरात टेबलच नाही 😄

कौस्तुभ, पुणे
सगळीकडे एकच सांगतात: खाली बसा, डोकं झाका, धरून ठेवा. पळू नका. पळताना लोक जखमी होतात.

ओळंबा
कौस्तुभ, सिमेंटच्या पक्क्या घरासाठी अगदी बरोबर. मजल्यावर असाल तर जिना उतरूच नका. पण मातीचं एकमजली घर, दार चार पावलांवर, बाहेर मोकळं अंगण असेल, आणि माणूस जागा असेल, तर मी बाहेर निघ म्हणतो. यावर माझ्याच सोबतच्या इंजिनियरांचं एकमत नाही. तूरडाळ, टेबल नसेल तर दणकट दिवाणाला लागून खाली बसायचं, गुडघे पोटाशी, हात मानेवर, उशी असली तर डोक्यावर. मुलीचं चुकलेलं नाही.

पण बाहेर निघायचं ठरवणाऱ्याने आधी दाराबाहेर येऊन वर पाहावं. टिन उडू नये म्हणून आपण त्यावर दगड ठेवतो. आठ-दहा किलोचे दगड, अगदी दारावरच्या काठाला.

उमरखेडची लेक
आत्ता बाहेर जाऊन मोजले. दारावर सात.

बंडू वणीवाला
आमच्याकडे दगड, एक जुना टायर आन् जात्याची पाळू 🙏

ओळंबा
टिन जे-हुकने बल्लीला कसा, रबराचं वायसर घालून. मग दगडांची गरज उरत नाही. तोवर दारावरचे तरी उतरवा. तसंच छतावरची हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन पाणी. विटांच्या चार खांबांवर उभी असेल तर तिच्या खाली बाजल टाकू नका.

गडचिरोलीचा पोट्टा
४ डिसेंबरले आम्ही सिरोंच्याकडं होतो, मामाकडं. चांगलं जाणवलं जी. सगळे बाहेर आले पण अनवाणी. मामी काचेच्या बरणीवर पाय देऊन आली, टाके पडले. भूकंपानं काही नाही झालं, बरणीनं झालं. तवापासून खाटेच्या पायाशी चप्पल अन् टॉर्च बांधून ठेवतो. बांधून, कारण कुत्रं नेते.

पुसदकरीण
गॅसचं काय करायचं? दूध प्रकरण वाचून भीती वाटली.

ओळंबा
शेगडी हाताशी असेल तर बटण फिरवून निघा, नाहीतर तशीच सोडा. परत आत जायचं नाही, ताई. पहिल्या तासात पुन्हा धक्के येतात आणि आधीच सैल झालेली भिंत छोट्या धक्क्याने पडते. बाहेर माणसं मोजा, म्हातारे आणि लेकरं आधी. मग घराभोवती बाहेरूनच एक फेरी मारा: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली चीर, भिंतीला आलेलं पोट, भिंत आणि छत यांच्यामध्ये फट. यातलं एक जरी दिसलं तरी आत कोणी नाही. काही दिसलं नाही तर एकाने जावं. वास आला तर दिव्याचं बटण ना लावायचं ना बंद करायचं, काडी तर नाहीच. दारं उघडून रेग्युलेटर बंद. वास नसेल तर मेन स्विच खाली.

तूरडाळ
आणि ढोरं?

शेषराव मास्तर
ढोरांचे दावे सुरगाठीने बांधावे, एका झटक्यात सुटली पाहिजे. गोठ्याला आग लागली तेव्हा आम्हाला हे कळले, फार उशिरा. चौकटीबद्दलचे माझे मागे घेतो. सोमवारी मुलांना सांगावे लागेल.

निशा परतवाडा
मास्तर 🙏 आणि त्या "आज रात्री दोन वाजता मोठा येणार" मेसेजचं पण सांगा मुलांना. मागच्या वेळी आमची अख्खी गल्ली अंगणात झोपली, एकीला विंचू चावला.

बंडू वणीवाला
कोणाले? जोशी वहिनी का?

निशा परतवाडा
नाव नको घेऊ, त्या पण वाचतात.

उमरखेडची लेक
सुटकेसा खाली आल्या, दारावरचे सात दगडही. रॉडसाठी उद्या मिस्त्रीला बोलावलंय, त्याआधी खांबाला पेचकस टोचून पाहिला, डावा घट्ट आहे, उजव्याची खात्री नाही. खाट मात्र अडलीय. कपाट आणि माळा दोन्हींपासून लांब अशी एकच भिंत उरते आणि तिथे डोकं उत्तरेला येतं. सासूबाई नाहीच म्हणतात.

ओळंबा
खाट त्याच जागी ठेवा, उशी दुसऱ्या टोकाला.

उमरखेडची लेक
दुसऱ्या टोकाला डोक्यावर पंखा येतो. आणि पंख्याचा हुक बल्लीला नुसता अडकवलेला आहे.