पेपरातलं सुडोकू सोपं वाटायला लागलं की पुढे काय?

शब्दवेडी: शब्दकोडं आणि सुडोकू दोन्ही आवडतात, पण आता फार सहज सुटतात. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर याहून अवघड काय आहे?

रोखठोक: सुडोकूचीच एक्स्पर्ट लेव्हल घ्या. जितके कमी आकडे दिलेले, तितकं अवघड. बाकी सगळा टाइमपास.

नऊचौक: हे वाचून राहवलं नाही. 17 पेक्षा कमी आकडे दिले तर एकच उत्तर उरत नाही, पण 17 आकड्यांची कितीतरी सुडोकू सोपी असतात. कस लागतो तो कुठली युक्ती वापरावी लागते यावर. ताई, किलर सुडोकू घ्या. त्यात बहुधा एकही आकडा दिलेला नसतो, फक्त घरांचे गट आणि त्यांची बेरीज. प्रत्येक ओळीची बेरीज 45, हे मुख्य हत्यार. समजा एका ओळीत पूर्ण बसणाऱ्या गटांची बेरीज 38 आहे आणि एक घर उरलंय, तर त्या घरात 7. गट मिळून पूर्ण ओळ व्यापून एक घर बाहेर गेले आणि बेरीज 49 भरली, तर बाहेरचं घर 4.

रोखठोक: म्हणजे बेरीज-वजाबाकीच. आणि ऑटो-नोट्स लावल्या, की प्रत्येक घरातले शक्य आकडे अ‍ॅपच लिहून देतं, मग तेही सोपं.

नऊचौक: ऑटो-नोट्सनीच सगळ्यांची वाट लावलीय! तीन घरांत 7 म्हणजे 1, 2, 4 एवढंच शक्य. फक्त ओळ, स्तंभ, चौकोन पाहणाऱ्या नोट्स तिथे 3 सुद्धा दाखवत राहतात, आणि माणूस त्या नोट्सवर विसंबतो. त्याहून वाईट ते चूक लगेच लाल दाखवणं. घरात दोन पर्याय उरले की एक टाकून बघायचा, लाल झाला की दुसरा. विचार केलाच कुठे? दोन्ही सेटिंग बंद करा.

आजीचा_चष्मा: माझी भाची आठ वर्षांची आहे, तिला चालेल का हे?

नऊचौक: तिला 4×4 द्या. इथला प्रश्न वेगळा आहे.

कोडगा: सायमन टॅथमच्या मोफत कोड्यांच्या संचात Solo नावाचं सुडोकू आहे, त्यात Type मधून Killer निवडता येतं. मात्र Unreasonable पातळी टाळा, तिथे अंदाज करून मागे फिरावं लागू शकतं.

रोखठोक: बघा, अंदाज लागतोच!

कोडगा: त्या एका पातळीवर. Extreme पर्यंत तर्क पुरतो.

जहाजी: शब्दकोड्याचं काय? ताईंनी दोन्ही विचारलंय. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' खेळा. जहाजावरच्या 60 जणांपैकी कुठला माणूस कोण आणि कुणाचं काय झालं, हे ठरवायचं. एक नाव पक्कं झालं की दुसरी आपोआप अडकतात, आडव्या-उभ्या शब्दांसारखी. लॅपटॉपवर चालतो, मोबाइलवर नाही. इंग्रजी उच्चारांचे लहेजे कानाने ओळखावे लागतात, ते मात्र जड जाईल.

रोखठोक: त्यात तीन जणांची उत्तरं बरोबर झाली की खेळच ती पक्की करतो. दोन खात्रीची ठेवून तिसरं बदलत राहिलं की झालं.

जहाजी: हे खरं आहे, मान्य. पण तसं करणाऱ्याने ऑटो-नोट्सवर बोट ठेवू नये.

नऊचौक: ऑटो-नोट्सवर बोट मी ठेवलंय, त्यांनी नाही! आणि ते ठेवणारच.