रिक्रूटर लेखी विचारतो, "करंट किती, एक्स्पेक्टेड किती?" तुम्ही काय लिहिता?

जुनी_पेटी (इंदूर)
माळ्यावरची पेटी उपसताना टाइप केलेला जुना नोकरीचा अर्ज निघाला. तळाशी लिहिलंय, "अपेक्षित वेतन: कंपनीच्या नियमांनुसार." तेव्हा एवढ्यावर भागायचं. आज सकाळी भाच्याला व्हॉट्सॅप आलंय: करंट सीटीसी, एक्स्पेक्टेड सीटीसी, नोटिस पिरियड, संध्याकाळपर्यंत कळवा. तो सुपर कॉरिडॉरला नोकरीला, बोलावणारी कंपनी पुण्याची. हातात ५८ हजार येतात म्हणून पठ्ठ्या सात लाख लिहायला निघाला होता. थांबवलंय. जाणकारांनी लिहा.

ताळेबंद
बरं केलंत. स्लिप आणि ऑफर लेटरचं शेवटचं पान, दोन्ही समोर ठेवायला सांगा. आकडे टाका इथे, नावं नकोत.

जुनी_पेटी
बेसिक ३०,०००, एचआरए १२,०००, स्पेशल अलाउन्स १८,०००. पीएफ १,८०० कापतात, प्रोफेशनल टॅक्स २०८. लेटरवर व्हेरिएबल ८०,००० वर्षाला, कंपनीचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी १७,३१६, विमा ९,०८४.

ताळेबंद
म्हणजे महिन्याचा ग्रॉस ६० हजार, वर्षाचा फिक्स्ड ७,२०,०००. बाकीचं मिळवलं की सीटीसी होतो ८,४८,०००. समोरचा सीटीसी विचारतोय आणि भाचा इन-हँड सांगतोय. पुढची कंपनी सांगितलेल्या आकड्यावर टक्के चढवते. सातवर ३० टक्के म्हणजे ९.१, ८.४८ वर ११ च्या वर. एका ओळीच्या आळसाचे जवळजवळ दोन लाख.
पण नुसतं ८.४८ ही लिहू नका, तोडून लिहा: "फिक्स्ड ७.२०, व्हेरिएबल टार्गेट ०.८०, पीएफ-ग्रॅच्युइटी-विमा धरून एकूण ८.४८." व्हेरिएबल गेल्या वर्षी पूर्ण मिळालं नसेल तर खरोखर किती मिळालं तेही. शेवटच्या तीन स्लिपा मागतातच, तिथे नऊचे साडेआठ निघाले की ऑफर अडकते.

भिया_इंदौरी
अहो पण करंट सॅलरी विचारणंच आता बेकायदा आहे! सरळ नकार द्यायचा.

परदेशी_पोहे
कॅलिफोर्नियात आहे तसा कायदा, २०१८ पासून. आपल्याकडे नाही. इथे विचारतात, आणि तुम्ही न सांगणंही गुन्हा नाही. एवढंच.

भिया_इंदौरी
बरं, मग कॅलिफोर्नियाला जातो. जीरावण घेऊन.

लष्करची_माई (ग्वाल्हेर)
लेखी पगार द्यायचा असेल तर फॉर्म १६ जोडा, बँकवाले स्लिपवर विश्वास ठेवत नाहीत. आमच्या मुलाच्या घराच्या कर्जाला दोन वर्षांचे मागितले होते.

परदेशी_पोहे
माई, कर्ज नाही, नोकरी 😀

लष्करची_माई
अगंबाई. चष्मा शोधते.

ताळेबंद
आता एक्स्पेक्टेड, खरी गोम इथे. भाचा समजा "सीटीसी १० लाख" लिहितो. ८.४८ चे १० म्हणजे १८ टक्के वाढ, घरी पेढे. पुण्याची कंपनी १० लाख असे मांडू शकते: व्हेरिएबल १५ टक्के म्हणजे १,५०,०००. बेसिक सीटीसीच्या निम्मं, ५ लाख. त्यावर पूर्ण १२ टक्के पीएफ, कंपनीचे ६०,०००. ग्रॅच्युइटी २४,०५०. विमा १०,०००. उरले ७,५५,९५०, महिन्याला ग्रॉस ६२,९९६. त्यातून त्याच्या वाट्याचा पीएफ ५,०००. प्रोफेशनल टॅक्स सोयीसाठी तोच २०८ धरू. हातात ५७,७८८.
आज येतात ५७,९९२. वाढ मिळूनही महिन्याला दोनशे चार रुपये कमी, आणि पुण्याचं भाडं वेगळंच. नव्या टॅक्स रेजिममध्ये एवढ्या पगारावर दोन्हीकडे टॅक्स शून्य, म्हणून तो मध्ये आणलाच नाही.

सराफा_रात्रपाळी
थांबा हो. पीएफ कुठे उडून जात नाही. आधी दोन्हीकडून मिळून ३,६०० जमत होते, आता १०,०००. पैसा त्याचाच आहे.

ताळेबंद
त्याचाच. पण पुण्यात डिपॉझिट भरायला तो चालत नाही. इंदूरची कंपनी १५,००० च्या मर्यादेवर पीएफ कापते म्हणून १,८००; पुण्याची पूर्ण बेसिकवर. हे आधी विचारून घ्यायचं, नंतर नाही.
म्हणून अपेक्षा फिक्स्डवर लिहायची. मेल इंग्रजीत जाईल, आशय असा:
"सध्या फिक्स्ड ७.२०, व्हेरिएबल टार्गेट ०.८०, एकूण सीटीसी ८.४८ लाख. अपेक्षा: फिक्स्ड ९ लाख, यात कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आणि व्हेरिएबल धरलेलं नाही. पुण्याला येण्याची तयारी आहे. पीएफ पूर्ण बेसिकवर की मर्यादेवर, आणि व्हेरिएबल किती टक्के, ते कळवावं."
व्हॉट्सॅपवर उत्तर दिलं तरी हेच मेलवरही टाका. मधला माणूस "९" एवढंच पुढे सरकवतो आणि सिस्टिममध्ये ते सीटीसी म्हणून बसतं.

फॉर्म_भरणारी (वडोदरा)
फॉर्मच्या डब्यात फक्त आकडा जातो, वाक्य मावत नाही. तिथे लोक ० किंवा १ टाकतात. टाकू नका, गाळणीतच बाद होतं. एकूण सीटीसीचा आकडा टाका, म्हणजे इथे ८.४८. अपेक्षेच्या डब्यात फिक्स्ड ९ नाही, त्याचा सीटीसी, साधारण ११ च्या आसपास, तोड मेलमध्ये. आणि "निगोशिएबल" लिहिलंत की त्यांच्या बाजूने निगोशिएबल.

सराफा_रात्रपाळी
मी तर म्हणतो रेंज द्या, ९ ते १०. दार उघडं राहतं.

फॉर्म_भरणारी
रेंजमधला खालचा आकडाच वाचला जातो. ९ ते १० म्हणजे ९.

सराफा_रात्रपाळी
मग खालचाच हवा तेवढा ठेवा की, ९.५ ते १०.५.

फॉर्म_भरणारी
तसं चालेल. पण मग वरचा लिहिता कशाला?

मकरपुरा_शिफ्ट
आमच्याकडे प्लांटमध्ये सीटीसी कोण बघतं. शिफ्ट अलाउन्स महिन्याला ४,५०० आणि ओव्हरटाइम कधी ६ हजार, कधी काहीच नाही. काय धरू करंटमध्ये?

ताळेबंद
शिफ्ट अलाउन्स दर महिन्याच्या स्लिपवर येत असेल तर धरा, पण वेगळी ओळ. ओव्हरटाइम फिक्स्डमध्ये घातलात तर स्लिप पडताळताना अंगाशी येईल. "मागच्या बारा महिन्यांची ओव्हरटाइम सरासरी इतकी" असं खाली लिहा. नव्या ठिकाणी जनरल शिफ्ट असेल तर दोन्ही जाणार, ते अपेक्षेत भरून काढायचं.

मकरपुरा_शिफ्ट
कॅन्टीनचं जेवण ५ रुपयांत मिळतं, ते?

फॉर्म_भरणारी
ते फक्त बायकोला सांगायचं.

कुणीतरी_नवीन
एप्रिलमध्ये इन्क्रीमेंट येणार आहे, ते आताच करंटमध्ये लिहू का?

ताळेबंद
पत्र हातात आहे का? नसेल तर नको. अपेक्षेच्या ओळीत लिहा, "१ एप्रिलपासून वाढ अपेक्षित, पत्र आल्यावर कळवीन." आलं की त्याच मेलला उत्तर म्हणून जोडा.

परदेशी_पोहे
करंट सांगायचंच नसेल तर? "भूमिका समजल्यावर सांगतो, तुमचं बजेट काय?" असं लिहिलं तर चालतं?

फॉर्म_भरणारी
कंपनीच्या एचआरला एकदा लिहून बघा, कधी बजेट सांगतात. बाहेरच्या कन्सल्टंटला मात्र रिकामा रकाना पुढे पाठवता येत नाही, तो दुसरा उमेदवार उचलतो.

ताळेबंद
माझं मत वेगळं. बऱ्याच कन्सल्टंटची फी वार्षिक पगाराच्या टक्क्यांत असते, त्यालाही तुमचा आकडा मोठा हवा असतो. विचारायला काय जातं?

फॉर्म_भरणारी
मोठा हवा असतो, पण त्याआधी कुणीतरी जॉइन व्हायला हवं असतं. लवकर.

जुनी_पेटी
भाच्याने मेल पाठवला, वरच्याच धाटणीचा. रिक्रूटरचं उत्तर आलं, "पीएफबद्दल विचारून सांगते." तोवर पेटीतला अर्ज फ्रेम करून घेऊ का विचारतोय.

लष्करची_माई
चष्मा सापडला. अर्जाचा फोटो टाक ना.